बोनसचं पत्र जानेवारीत आलं, मार्चमध्ये बोनसच गेला

मी लीड्समध्ये एका मध्यम आकाराच्या कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. मूळची सांगलीची, इंग्लंडात येऊन चार वर्षं झाली. माझा आणि कंपनीचा 2023 च्या बोनसवरून जो वाद झाला तो जानेवारी 2025 मध्ये मिटला. मध्ये बरोबर एक वर्ष गेलं. त्या वर्षात रात्री-अपरात्री मी मराठीतून काहीतरी वाचायला मिळेल म्हणून शोधत होते आणि काही सापडत नव्हतं, म्हणून हे लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही. मी अजून तिथेच काम करते.

माझ्या करारात बोनसबद्दल जे कलम आहे त्याचा अर्थ साधारण असा: कंपनीला वाटलं तर, सर्वस्वी तिच्या मर्जीनुसार, ती कर्मचाऱ्याला बोनस देऊ शकते, बोनस योजना कधीही बदलण्याचा किंवा मागे घेण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. इथे याला डिस्क्रिशनरी बोनस म्हणतात. सही करताना मी ते कलम वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. सगळ्यांच्याच करारात असतं.

22 जानेवारी 2024, सोमवार. एचआरच्या पोर्टलवर पत्र आलं. 2023 या वर्षातल्या कामगिरीसाठी 6,200 पौंड बोनस मंजूर झाला आहे, तो मार्चच्या पगारासोबत मिळेल, अट एवढीच की त्या दिवशी तुम्ही नोकरीत असायला हवं आणि तुम्ही राजीनामा दिलेला नसावा. खाली डायरेक्टरची सही. माझा पगार तेव्हा वर्षाला 41,000 पौंड, म्हणजे ही रक्कम माझ्यासाठी छोटी नव्हती. मी पत्राचा स्क्रीनशॉट काढला आणि आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली लिहिलं, "आई, बघ!" हा स्क्रीनशॉट पुढे कुठे कुठे जाणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

21 मार्चला सगळ्यांना एक मेल आली. बाजाराची परिस्थिती लक्षात घेऊन कंपनीने आपला अधिकार वापरून 2023 चे बोनस मागे घेतले आहेत, आपण समजून घ्याल अशी आशा. 28 मार्चला पगार झाला. पगारपत्रकात बोनसची ओळ होती आणि तिच्यासमोर 0.00 होतं. ओळच नसती तर कदाचित इतकं लागलं नसतं. मी जानेवारीचं पत्र पुन्हा बघायला पोर्टल उघडलं तर पत्र तिथे नव्हतं. "डॉक्युमेंट उपलब्ध नाही."

पुण्यातल्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "अगं ताई, डिस्क्रिशनरी म्हटलं की संपलं. देतील तर देतील." ऑफिसातही दहापैकी नऊ जणांचं हेच मत होतं. मॅनेजरशी बोलले तर तो मान खाली घालून म्हणाला, त्याचाही गेलाय.

मी आधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला फोन केला. ही फुकट सल्ला देणारी संस्था आहे. लागायला वेळ लागतो, माझा फोन तिसऱ्या दिवशी लागला. तिथल्या बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आधी कंपनीत लेखी तक्रार करा, ज्याला इथे ग्रीव्हन्स म्हणतात. दुसरी, तक्रार चालू असली तरी कायद्याची मुदत थांबत नाही. पैसे मिळायला हवे होते त्या दिवसापासून तीन महिने वजा एक दिवस, म्हणजे माझ्यासाठी 27 जून. मी फ्रिजवर कागद लावला: 27 जून. (मुदतीचे हे नियम आता बदलत आहेत, त्यामुळे माझे आकडे उचलू नका, तुमच्या वेळचे बघून घ्या.)

12 एप्रिलला ग्रीव्हन्स दिली. 24 एप्रिलला आणखी एक गोष्ट केली, जी मला एका सहकाऱ्याने सुचवली: कंपनीकडे माझ्याविषयी जी काही माहिती आहे ती मागण्याचा अर्ज. डेटा संरक्षण कायद्याने हा हक्क आहे, त्याला पैसे लागत नाहीत आणि कंपनीला साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. मेलमध्ये मी काळ, विषय आणि माणसं नेमकी लिहिली: 1 डिसेंबर ते 31 मार्च, बोनसविषयी, एचआर आणि माझ्या विभागाचे वरिष्ठ. नुसतं "सगळं द्या" म्हटलं असतं तर "मागणी फार व्यापक आहे" म्हणत त्यांनी वेळ काढला असता.

29 एप्रिलला ग्रीव्हन्सची मीटिंग झाली, 20 मेला उत्तर आलं: तक्रार फेटाळली, बोनस पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर आहे. 23 मेला माहितीच्या अर्जाचं पाकीट आलं. चाळीसेक पानं, निम्म्यावर काळ्या पट्ट्या. त्यात माझं गायब झालेलं पत्र होतं आणि 18 जानेवारीची एक अंतर्गत मेल होती, ज्यात माझ्या नावापुढे 6,200 आणि त्यापुढे "मंजूर" असं लिहिलेलं. मी ते पान टेबलावर ठेवून बराच वेळ नुसतं बघत बसले.

याच सुमारास मी एकदाच पैसे खर्च केले. नोकरीविषयक कायदा बघणाऱ्या सॉलिसिटरशी तासभर बोलणं, 200 पौंड आणि वर व्हॅट, एकूण 240. घराच्या विम्यात कायदेशीर खर्चाचं संरक्षण असलं तर हे त्यातून निघू शकतं, आमच्या पॉलिसीत ते नव्हतं. तुमची एकदा उघडून बघा.

त्या तासात मला जे कळलं तेच या सगळ्या लिखाणाचं कारण आहे. मी समजत होते की प्रश्न "बोनस डिस्क्रिशनरी आहे का नाही" हा आहे. त्यांनी विचारलं, मर्जी वापरली कधी? मर्जी म्हणजे ठरवायची मोकळीक. द्यायचा का, किती द्यायचा, कुणाला द्यायचा, हे कंपनीने 18 जानेवारीला ठरवलं आणि 22 जानेवारीला मला आकड्यासह कळवलं. त्या दिवशी ती मोकळीक वापरून झाली. त्यानंतर उरलं ते देणं, पत्रात लिहिलेल्या अटी मी पाळल्या तर. मार्चमध्ये त्यांनी जी "मर्जी" वापरली ती दुसऱ्यांदा वापरली, आणि दुसऱ्यांदा वापरायला ती शिल्लक होती का, हा खरा वाद.

कायद्यात याला आधार दोन ठिकाणी आहे. 1996 च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टच्या 13 व्या कलमाने मालकाला पगारातून बेकायदा कपात करता येत नाही, आणि जितकं देणं होतं त्यापेक्षा कमी दिलं तर तीही कपातच. 27 व्या कलमात पगार म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि तिच्यात बोनस हा शब्द स्पष्ट आहे, "कराराने देय असो वा अन्य कारणाने". हे "अन्य कारणाने" माझ्यासारख्यांसाठी महत्त्वाचं, कारण कराराने मला बोनसचा हक्क नव्हताच. 2004 साली फॅरेल मॅथ्यूज अँड विअर विरुद्ध हॅन्सन या अपिलात अशाच प्रश्नाचा निकाल लागला: एका सॉलिसिटर बाईंना फर्मने मर्जीने बोनस जाहीर केला, हप्त्यांनी द्यायचा ठरला, एकदा जाहीर केला की तो ठरलेल्या अटींवर पगारच होतो, असं अपील ऐकणाऱ्या ट्रायब्युनलने, म्हणजे नोकरीचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाने, म्हटलं.

मी विचारलं, मोठ्या कंपन्यांत हे चालतं का? त्यांनी ड्रेस्डनर क्लाइनवोर्ट या बँकेचं सांगितलं. 2008 च्या ऑगस्टमध्ये तिने कर्मचाऱ्यांसाठी किमान 40 कोटी युरोंचा बोनस निधी ठेवणार असं सभेत जाहीर केलं. डिसेंबरमध्ये प्रत्येकाला आकड्याचं पत्र दिलं, पण त्यात परिस्थिती बिघडली तर कमी करू अशी पुस्ती जोडली आणि मग रकमा 90 टक्क्यांनी छाटल्या. शंभरावर कर्मचारी कोर्टात गेले. 2012 मध्ये ते जिंकले, 2013 मध्ये अपिलातही. त्यांच्याही करारात बोनस डिस्क्रिशनरीच होता.

मग त्यांनी माझा उत्साह थोडा उतरवला, तेही सांगायला हवं. माझ्याच ऑफिसातल्या दोघांचं त्यांना विचारलं होतं. एकाला त्याच्या बॉसने डिसेंबरात तोंडी सांगितलं होतं, "या वर्षी तुझा बोनस मस्त असणार." आकडा नाही, पत्र नाही. त्याचं या रस्त्याने होणार नाही, त्या म्हणाल्या. कपातीच्या दाव्याला मोजता येणारी रक्कम लागते. कूर्स ब्रूअर्स विरुद्ध अ‍ॅडकॉक या 2007 च्या निकालाने ते पक्कं केलंय. रक्कम ठरलीच नसेल तर "मर्जी प्रामाणिकपणे आणि समंजसपणे वापरली नाही" असा करारभंगाचा दावा करावा लागतो, तो सहसा दिवाणी कोर्टात, आणि तो फार अवघड. दुसरीने पत्र आल्यावर फेब्रुवारीत राजीनामा दिला होता. पत्रातली अटच तिच्या विरोधात गेली. तिच्याकडे माझ्यासारखंच पत्र, माझ्याहून मोठा आकडा, आणि उपयोग शून्य.

माझी मुख्य भीती मात्र वेगळी होती. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर, प्रायोजक हीच कंपनी. नोकरी गेली तर व्हिसा अडचणीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की कायद्याने मिळणारा हक्क मागितला म्हणून काढणं हे आपोआप अन्यायकारक ठरतं, त्यासाठी दोन वर्षांची नोकरीही लागत नाही. धीर आला. पण खरं सांगते, त्या रात्री झोप लागली नाही. कायदा माझ्या बाजूने असणं आणि घराचं भाडं वेळेवर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवरा म्हणाला, "तू ठरव, मी काही म्हणणार नाही," आणि मला त्याचाच राग आला.

ग्रीव्हन्सच्या उत्तरावर मी कंपनीतच अपील केलं होतं, 14 जूनला तेही फेटाळलं. 17 जूनला, फ्रिजवरच्या तारखेच्या दहा दिवस आधी, मी एकॅसचा ऑनलाइन फॉर्म भरला. एकॅस ही सरकारी मध्यस्थ संस्था. ट्रायब्युनलकडे जाण्यापूर्वी तिच्याकडे जावंच लागतं. याचेही पैसे नाहीत. फॉर्ममध्ये कंपनीचं नाव अगदी पगारपत्रकावर किंवा करारावर असतं तसं, शेवटच्या लिमिटेडसह लिहायचं. आमच्या कंपनीचं दारावरचं नाव आणि कायदेशीर नाव वेगळं आहे; मी दारावरचं लिहीत होते, नवऱ्याने पाहिलं म्हणून वाचले. पुढे दाव्याच्या अर्जात हेच नाव जुळावं लागतं.

पाचव्या दिवशी मध्यस्थ बाईंचा फोन आला. त्या कुणाच्याही बाजूच्या नसतात, माझा दावा भक्कम आहे का हेही त्या सांगत नाहीत, फक्त निरोप इकडून तिकडे नेतात. मला आधी हे विचित्र वाटलं. सहा आठवडे निरोपांची ये-जा चालली. 25 जुलैला कंपनी म्हणाली, 2,000 पौंड घ्या आणि विषय संपवा, सोबत गुप्ततेचं कलम. मी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. धाडस वगैरे काही नव्हतं. 18 जानेवारीच्या मेलचं पान समोर होतं म्हणून म्हटलं. 29 जुलैला एकॅसचं प्रमाणपत्र आलं. त्यावरचा क्रमांक जपून ठेवा, त्याशिवाय दावा घेत नाहीत. प्रमाणपत्र मिळाल्यापासून माझ्याकडे महिना होता.

दाव्याचा अर्ज ईटी1, तो 6 ऑगस्टला ऑनलाइन भरला. फी नाही. 2013 ते 2017 मध्ये होती, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. एका कामगार संघटनेने लढवलेला तो खटला नसता तर मी बहुधा इथवर आलेच नसते. दाव्याच्या प्रकारांत मी "पगार" हा एकच निवडला. नोकरीत असताना करारभंगाचा दावा या ट्रायब्युनलमध्ये करता येत नाही, तो नोकरी संपल्यावरच, आणि तेव्हाही 25,000 पौंडांपर्यंतच. हकीकतीच्या चौकटीत मी पहिल्यांदा दोन पानं लिहिली होती, त्यात मॅनेजरची मान खाली घालणंही होतं. सगळं खोडलं. तारीख, पत्र, रक्कम, अटी, मी अटी पाळल्या, पैसे आले नाहीत. अर्ध्या पानात बसलं.

कंपनीला उत्तरासाठी 28 दिवस असतात. त्यांचं उत्तर सप्टेंबरच्या शेवटी आलं. मुद्दा एकच: करारानुसार योजना "कधीही मागे घेता येते". मग सुनावणीची तारीख, 21 जानेवारी 2025, दोन तास, व्हिडिओवर, एकच न्यायाधीश. चार महिने थांबायचं. त्या काळात रोज त्याच लोकांबरोबर चहा प्यायचा, हे सगळ्यात कठीण होतं. एचआरची बाई लिफ्टमध्ये भेटली की आम्ही दोघी हवामानावर बोलायचो.

डिसेंबरात कागदांची फाइल करायची असते, तिला बंडल म्हणतात. माझं एकूण 61 पानं झालं, पानावर पान क्रमांक, एकच पीडीएफ. त्यात पान 14 वर आईला पाठवलेला स्क्रीनशॉट. वर "आई" हे नाव, खाली "आई, बघ!", वेळ 11:42. त्याचं इंग्रजी भाषांतर मीच खाली टाइप करून दिलं. पोर्टलवरून पत्र कधी हटवलं यावर वाद होऊ नये म्हणून ते उपयोगी पडलं. स्वतःची पत्रं, पगारपत्रकं, आलेली त्याच दिवशी उतरवून ठेवा. फक्त स्वतःचीच. ग्राहकांची किंवा कंपनीची इतर कागदपत्रं घरच्या मेलवर पाठवली तर तोच कंपनीच्या हातात मुद्दा मिळतो.

10 जानेवारीला एकॅसमार्फत पुन्हा निरोप आला, 4,000. आता मी खरंच डगमगले. नवऱ्याला विचारलं, भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, "घे ना ताई, हातचं सोडू नकोस." मी सॉलिसिटरचं वाक्य आठवून नाही म्हटलं आणि पुढचे अकरा दिवस त्याचा पश्चात्ताप केला.

सुनावणी मी आमच्या जेवणाच्या टेबलावरून दिली. रजा टाकली होती. कंपनीकडून एक वकील आणि एचआर प्रमुख. शपथ धर्मग्रंथावर किंवा धर्माशिवाय, जशी हवी तशी. कंपनीच्या वकिलाने मला जेमतेम दहा मिनिटं विचारलं, मुख्यतः मला कलम माहीत होतं ना. होतं. मग न्यायाधीशांनी एचआर प्रमुखांना विचारलं की 22 जानेवारीनंतर आणि 28 मार्चपूर्वी माझ्या बोनसबद्दल आणखी काही ठरवायचं बाकी होतं का. त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, नाही, फक्त पगार चालवायचा होता. माझ्या मते खटला तिथेच संपला, पण मला तेव्हा ते कळलं नाही. मी पुढच्या प्रश्नाच्या काळजीत होते.

वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर तोंडी निकाल. योजना मागे घेता येते, म्हणजे पुढच्या वर्षांसाठी ती बंद करता येते किंवा रक्कम ठरवण्यापूर्वी थांबवता येते. ठरवून, कळवून, अटींसह जे देऊ केलं ते या कलमाने परत घेता येत नाही. पत्रातली एकमेव अट मी पाळली होती. 6,200 पौंड, कर कापण्यापूर्वीचे, 14 दिवसांत. लेखी कारणं हवी असतील तर तिथेच किंवा 14 दिवसांत मागावी लागतात. मी मागितली नाहीत, कारण निकाल आणि कारणं सरकारी संकेतस्थळावर नावासकट जाहीर होतात आणि माझं जितकं कमी तिथे असेल तितकं मला बरं वाटत होतं. निकाल मात्र आहेच तिथे. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून सांगते.

पैसे 31 जानेवारीच्या पगारात आले. कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून हातात सुमारे 4,800. सल्ल्याचे 240 परत मिळत नाहीत, रजेचा दिवसही नाही. पगारपत्रकात त्या ओळीला "बोनस" म्हटलेलं नव्हतं, "इतर देणी" म्हटलं होतं.

फेब्रुवारीत 2024 च्या बोनसचं पत्र आलं, यावेळी सगळ्यांनाच नव्या मजकुराचं. रकमेच्या आधी "सूचक" असा शब्द, आणि तळाला नवं वाक्य: प्रत्यक्ष रक्कम खात्यात जमा होईपर्यंत कोणताही हक्क निर्माण होत नाही. हेच वाक्य गेल्या वर्षीच्या पत्रात असतं तर मी 2,000 घेतले असते. स्क्रीनशॉट काढला, तारखेसकट. आईला नाही पाठवला.